४०० च्या टायमिंगवरून १५०० चा अंदाज: फटीग फॅक्टरच्या नोंदी

४ जानेवारी

मूळ गरज साधी आहे. मीटची एंट्री भरताना १५०० फ्रीस्टाइलसाठी सीड टाइम द्यावा लागतो आणि आपल्या निम्म्या पोरांनी १५०० रेसमध्ये कधी मारलेलंच नसतं, सगळ्यांकडे ४०० चं टायमिंग मात्र असतं. आतापर्यंत सर अंदाजाने आकडा टाकायचे, मग कुणी स्लो हीटमध्ये दोन लेंथ पुढे एकटाच पोहतोय आणि कुणी फास्ट हीटमध्ये सगळ्यांच्या मागे राहिलाय असं व्हायचं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट करायची, ४०० टाकलं की १५०० चा अंदाज देईल, आणि तोच आकडा रेसच्या पेससाठी पण वापरता येईल.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच, पीट रीगेल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये धावण्यासाठी मांडलेल्या सूत्रापासून:

```
T2 = T1 * (D2 / D1) ** k
```

`k` म्हणजेच फटीग फॅक्टर. `k` बरोबर १ असेल तर माणूस दमतच नाही, अंतर पावणेचारपट तर वेळ पण पावणेचारपट. १ च्या वर जितका जाईल तितका अंतर वाढल्यावर स्पीड पडतो. धावण्यात १.०६ हा आकडा इतका रूढ झालाय की स्विमिंगच्या कॅल्क्युलेटरमध्ये पण बरेच जण डोळे झाकून तोच टाकतात.

५:०० चं ४०० घेऊन बघितलं. १.०६ ने १५०० येतं २०:१८, १.०३ ने येतं १९:३०. `k` मध्ये ०.०१ हलवलं की या लेव्हलला १५०० मध्ये साधारण १५ सेकंद हलतात, म्हणजे शंभराला एक सेकंद. त्यामुळे सगळं काम `k` कुठून आणायचा यातच आहे, बाकी स्क्रिप्ट चार ओळींची आहे.

७ जानेवारी

सूत्र उलटं फिरवलं. दोन्ही टायमिंग माहीत असतील तर `k` काढता येतो, मग ज्यांची टायमिंग जगजाहीर आहेत त्यांच्यावर आधी करून बघायचं ठरवलं.

```python
import math

def k_kadha(d1, t1, d2, t2, s=0):
    return math.log((t2 + s) / (t1 + s)) / math.log(d2 / d1)

def andaz(t400, k, s=0):
    return (t400 + s) * (1500 / 400) ** k - s
```

(`s` कशाला ते पुढे येईल, सध्या शून्य. सगळ्या वेळा सेकंदात द्यायच्या.)

सुन यांग, लंडन २०१२, एकाच ऑलिंपिकमध्ये ४०० ला ३:४०.१४ आणि १५०० ला १४:३१.०२. `k` आला १.०४१. ग्रँट हॅकेट, दोन्ही टायमिंग २००१ ची, ३:४२.५१ आणि १४:३४.५६, `k` १.०३६. केटी लेडेकीचं २०१५ च्या कझान वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं ३:५९.१३ आणि १५:२५.४८ घेतलं तर फक्त १.०२४. म्हणजे १.०६ च्या जवळपास पण कुणी नाही. रीगेलने स्वतः १९८१ मध्ये बाकीचे खेळ घेतले तेव्हा पोहण्याचा आकडा धावण्यापेक्षा कमीच निघाला होता, पण तो भाग कुणी पुढे नेला नाही आणि १.०६ तेवढा सगळीकडे चिकटून राहिला.

पाण्यात कमी का येतो याचं कारण रोचक आहे. पाण्याचा विरोध स्पीडच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी पॉवर घनाच्या प्रमाणात. म्हणजे स्पीड एक टक्का कमी केला की पॉवर जवळपास तीन टक्के वाचते. धावताना एक टक्का हळू गेलं तर साधारण एकच टक्का वाचतो. म्हणून शरीर आतून तेवढंच दमलं तरी घड्याळात ते पाण्यात कमी दिसतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे पाण्यात पेस थोडा जास्त धरला तर शिक्षा तिप्पट होते, ते पोरांच्या स्प्लिटमध्ये दिसतंच.

११ जानेवारी

आज सरांना आकडे दाखवले. त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता, "अरे, हे सगळे डिस्टन्सवाले आहेत, आपली पोरं २०० आणि ४०० वाली, त्यांचा `k` त्यांच्याच टायमिंगवरून का नाही काढत?" प्रत्येकाचं २०० पण असतं आणि ४०० पण, त्यातून `k` काढायचा आणि तोच पुढे १५०० पर्यंत ताणायचा. ऐकायला मस्त वाटतं.

कझानमध्ये लेडेकीने २००, ४००, ८००, १५०० चारही जिंकल्या होत्या, म्हणजे एकच माणूस, एकच पूल, एकच आठवडा, यापेक्षा स्वच्छ डेटा मिळणं अवघड. २०० ला १:५५.१६, ८०० ला ८:०७.३९. तुकडे पाडून `k` काढला:

२०० ते ४००: १.०५४
४०० ते ८००: १.०२७
८०० ते १५००: १.०२०

`k` एक आकडा नाहीच! अंतर वाढेल तसा तो खाली येत जातो. २०० आणि ४०० वरून काढलेला १.०५४ पुढे ताणला तर तिचं १५०० निघतं १६:०३, प्रत्यक्षात ती १५:२५ मारून गेली. ३८ सेकंदांचा फरक. तेच ४०० आणि ८०० वरून काढला तर १५:२९.७, चार सेकंदांचा फरक. म्हणजे `k` स्वतःच्या टायमिंगवरून काढायचा हे बरोबर, पण तो कुठल्या दोन अंतरांमधून आलाय हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. शीटमध्ये `k` च्या शेजारी "कुठून" असा कॉलम टाकला.

१२ जानेवारी

२०० मधून एवढा जास्त `k` का येतो? दोन कारणं आहेत आणि एक चक्क यांत्रिक आहे. ब्लॉकवरून डाइव्ह मारली की भिंतीला पुश करून निघण्यापेक्षा साधारण दोन-तीन सेकंद वाचतात, आणि ते रेसमध्ये एकदाच वाचतात, रेस २०० ची असो की १५०० ची. २०० मध्ये तीन सेकंद म्हणजे मोठी गोष्ट, १५०० मध्ये काहीच नाही. त्यामुळे छोटी रेस जरा जास्तच फास्ट दिसते आणि सूत्राला वाटतं की माणूस पुढे दमला. प्रत्यक्षात तो दमलेला नसतो, त्याला दुसरी डाइव्ह मिळालेली नसते एवढंच.

म्हणून `s`. प्रत्येक टायमिंगमध्ये आधी ३ सेकंद मिळवायचे, मग `k` काढायचा, अंदाज आला की शेवटी ३ वजा करायचे. कझानचे आकडे परत चालवले, २०० ते ४०० चा `k` १.०५४ वरून १.०३५ झाला आणि ४०० ते ८०० चा १.०१८. त्या १.०१८ ने १५०० आलं १५:२७.०, खरं १५:२५.४८. दीड सेकंद! एवढं जवळ येण्यात थोडा योगायोग आहेच, पण दिशा बरोबर आहे.

२०० वाल्या `k` ने मात्र `s` लावूनही १५:४८ येतं. म्हणजे ३८ सेकंदांच्या चुकीतले १५ डाइव्हचे होते, उरलेले २३ शरीराचे. २०० मध्ये ऑक्सिजनशिवाय मिळणाऱ्या एनर्जीचा वाटा बराच मोठा असतो, ती टाकी छोटी, एकदा संपली की संपली. ४०० पासून पुढे हळूहळू सगळा भार एरोबिकवर येतो आणि तिथे पडझड बरीच सावकाश असते. हे कुठल्याही `s` ने दुरुस्त होणार नाही, त्यासाठी २०० बाजूला ठेवून ८०० च मागायचं.

१८ जानेवारी

आता आपली खरी केस. एक पोरगी आहे, १५०० कधीच मारलेलं नाही, पुढच्या महिन्यात ५० मीटर पूलमध्ये पहिलं आहे. लाँग कोर्सचीच टायमिंग घेतली: २०० ला २:२९, ४०० ला ५:१२, ८०० ला १०:४६.

२०० वाल्या `k` ने (१.०६६) १५०० येतं २१:१७. रूढ १.०६ ने २१:०७. टॉपच्या लोकांचा १.०३ लावला तर २०:१७. आणि सर जे वापरतात ते क्रिटिकल स्विम स्पीड, म्हणजे २०० आणि ४०० मधल्या फरकावरून काढलेला स्पीड, इथे २०० मीटर १६३ सेकंदात म्हणजे शंभराला १:२१.५, तोच उरलेल्या ११०० ला लावला तर २०:०८. एकाच पोरीचे चार अंदाज आणि सगळ्यात वरच्या नि खालच्यात एक मिनिटाच्या वर अंतर.

क्रिटिकल स्पीडवाला अंदाज नेहमीच आशावादी येणार कारण त्याचं गृहीतकच असं आहे की तो स्पीड कितीही वेळ टिकतो. २०० वाला `k` नेहमी निराशावादी येणार, कारण काल-परवाच बघितलं. त्यामुळे ते दोन्ही अंदाज म्हणून टाकून दिले, पण त्यांच्यातला फरक मात्र ठेवला. लेडेकीच्या बाबतीत हे दोन आकडे १६:०३ आणि १५:२१, फरक ४२ सेकंद. या पोरीचा ६८. फरक जितका मोठा तितकं त्या माणसाचं ४०० हे १५०० बद्दल कमी सांगतं. शीटमध्ये "फरक" नावाने लाल-पिवळा कॉलम झाला, मला वाटतं अख्ख्या शीटमध्ये हाच सगळ्यात कामाचा आहे.

शेवटी `s` = ३, ४०० आणि ८०० वरून `k` = १.०४३, अंदाज २०:४७. सीड टाइम तोच दिला. पेस म्हणून शंभराला १:२३.३, पहिलं शंभर डाइव्हमुळे १:२०, म्हणजे ४०० ला स्प्लिट ५:३० च्या आसपास पडायला हवा. तिला हे ऐकून धक्काच बसला, "५:३० म्हणजे माझ्या ४०० पेक्षा १८ सेकंद स्लो?" हो, तेवढंच.

२६ जानेवारी

एक मुलगा, ५० आणि १०० वाला, त्याला हौस म्हणून १५०० ची एंट्री टाकायची आहे. ४०० ला ५:०२, २०० ला २:२०, ८०० नाही. `k` १.१०९. एका बाजूने २१:४८, दुसऱ्या बाजूने १९:५३. फरक जवळपास दोन मिनिटं, कॉलम लालभडक. इथे स्क्रिप्टने आकडा द्यायचाच नाही असं ठरवलं, "८०० हवं" एवढंच छापायचं.

वर त्याची टायमिंग २५ मीटर पूलमधली निघाली. २५ मध्ये ४०० ला १५ टर्न, ५० मध्ये ७. प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का मिळतो, म्हणून शॉर्ट कोर्स फास्ट पडतं, आपल्या पोरांत दोन-तीन टक्के. दोन्ही रेस २५ मधल्याच असतील तर `k` ला फारसा फरक पडत नाही कारण टर्न दोन्हीकडे अंतराच्या प्रमाणातच येतात. पण ४०० शॉर्ट कोर्सचं आणि १५०० लाँग कोर्सचं अशी सरमिसळ झाली तर अडीच टक्के सरळ `k` मध्ये शिरतात आणि तो ०.०१९ ने फुगतो, म्हणजे १५०० मध्ये अर्धा मिनिट, आणि वाटतं की पोराला दमच नाही. "पूल" कॉलम आता सक्तीचा, रिकामा असेल तर गणितच होत नाही.

८ फेब्रुवारी

पोरीची पहिली रेस झाली. २०:५७.३. अंदाजापेक्षा दहा सेकंद स्लो.

`s` धरून `k` काढला तर १.०४९ येतो आणि तोच शीटमध्ये चढवायचा मोह होतो, पण आधी स्प्लिट बघितले. पहिलं ४०० पडलं ५:२२, ठरल्यापेक्षा आठ सेकंद फास्ट, शेजारच्या लेनमधली पुढे गेली म्हणून तिच्यामागे गेली असं तीच म्हणाली. उरलेलं ११०० सरासरी १:२५.० ने. पाचवं शंभर १:२४, दहाव्या ते तेराव्यापर्यंत १:२६ च्या वर, आणि शेवटचं १:२०.८. आठ सेकंद कमावले आणि जवळपास एकोणीस घालवले, घनवाला हिशोब तो हाच.

तर या १.०४९ मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, तिचा थकवा आणि चुकलेला पेस. सूत्राला दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं असं की समान पेसने पोहलेल्या १५०० मध्ये दुसऱ्या शंभरापासून चौदाव्यापर्यंत आकडे दीड-दोन सेकंदांच्या पट्ट्यात राहतात. सुरुवात फास्ट, मध्ये खड्डा, शेवटी उडी असं चित्र असेल तर त्या रेसमधून `k` घ्यायचा नाही. हाच नियम ४०० ला पण लागू आहे, तिथे कुणी पहिलं २०० जीव खाऊन मारलं आणि मग मेलं असेल तर ४०० च खराब, आणि ४०० मधले तीन सेकंद १५०० च्या अंदाजात बारा होऊन येतात.

१ मार्च

दुसरी रेस, तोच पूल. पहिलं ४०० ला ५:२९, मधली शंभरं १:२३ ते १:२४.५ मध्ये, एकूण २०:४९.४. `k` आला १.०४४, आपण धरला होता १.०४३. हा शीटमध्ये चढवला, "कुठून" मध्ये "४००-१५००, पेस ठीक" असं लिहून. मधल्या काळात तिचं ४०० सुधारलेलं असू शकतं हे पण आहे, जानेवारीचंच ५:१२ धरलंय, त्यामुळे पुढच्या ४०० नंतर हा आकडा परत काढायचा.

सर म्हणाले ज्यांच्याकडे फक्त ४०० च आहे त्यांचं काय. त्यांच्यासाठी `s` न लावता १.०४५ धरतोय आणि सोबत दोन्ही बाजूंना ०.०१५, म्हणजे ५:०० वाल्याला १९:५४ आणि पुढे-मागे तेवीस-चोवीस सेकंद. पट्टा रुंद आहे पण हीट लावायला चालतो. पेस ठरवायला तो द्यायचा नाही, त्यासाठी आधी ८०० ची टाइम ट्रायल.

तो ५०-१०० वाला मुलगा शनिवारी ८०० मारणार आहे, डाइव्हने, २५ च्या पूलमध्ये, स्प्लिट मी घेणार. त्याच्या एंट्रीची शेवटची तारीख सोमवार.